अंगठ्याखालचा हुद्दा

भाचीच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला झेरॉक्सचं मशीन, समोर कार्डं कापायचं कटर आणि उजव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, मामींचं टेबल. दुकान नणंदेच्या मुलीचं. ती मामी म्हणते म्हणून सगळी गिऱ्हाइकंही मामी म्हणतात, शेजारचे वकील तर मामींपेक्षा वयाने चांगले मोठे, पण तेही बिनदिक्कत "मामी, जरा हा अरबी शिक्का बघता का?" म्हणत येतात. मामींना त्याचं काही वाटत नाही. त्यांना राग येतो तो एकाच वाक्याचा. अरबीचं काम घेऊन येणारा प्रत्येक माणूस दारातूनच म्हणतो, "पटकन होईल ना? एक कार्डच तर आहे."

"हो तर," मामी म्हणतात, "आणि विमान म्हणजे दोन पंखच तर आहेत."

मामी आणि मामा उमेदीची सगळी वर्षं परदेशात होते. मामा तिकडे गोदाम सांभाळायचे आणि मामी एका भाषांतराच्या कचेरीत टायपिंग करायच्या. मामा आता घरी कुंड्यांना पाणी घालतात आणि कुंड्यांनाच हुकूम सोडतात. मामींना मात्र घरात बसवेना. त्या भाचीकडे आल्या, टेबल पुसलं, अरबी अक्षरं चिकटवलेला आपला जुना कीबोर्ड मांडला आणि दुसऱ्या दिवसापासून अशा काही ऐटीत बसल्या, की दुकान त्यांचंच आणि भाची कामाला.

त्यांचा एक हट्ट साऱ्या बाजाराला माहीत होता. कार्डावरचा हुद्दा त्या तसाच्या तसा कधी घ्यायच्या नाहीत. "हुद्दा राहू दे, काम सांगा," म्हणायच्या. "सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत हा माणूस काय करतो?" गिऱ्हाईक वैतागायचं. पण हट्टामागे कारण होतं, आणि ते सांगताना मामी आजही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात.

त्या कचेरीत नव्या असताना त्यांच्याकडे एका साबण कंपनीतल्या विक्रेत्याचं कार्ड आलं होतं. बिचारा दुकानादुकानांत जाऊन साबणाच्या वड्या दाखवायचा. कार्डावर इंग्रजीत रुबाबात छापलेलं होतं, 'एक्झिक्युटिव्ह'. मामींनी कोशात बघून ठोकून दिलं, अल-मुदीर अत-तन्फीझी. म्हणजे कंपनीचा सर्वेसर्वा. तो गडी कार्ड घेऊन एका मोठ्या दुकानात गेला, तर लोकांनी त्याला थेट मालकाच्या दालनात नेलं, मधल्या खुर्चीत बसवलं आणि करारच पुढे केला. तो घाम पुसत म्हणाला, "मला फक्त वड्या ठेवायला फळी पाहिजे होती." मामींच्या साहेबांनी त्या दिवशी मामींची अशी हजेरी घेतली, की म्हणता सोय नाही. तेव्हापासून मामी आधी काम विचारतात आणि मग कीबोर्डला हात लावतात.

तर त्या सकाळी भाचीच्या फोनवर एका कार्डाचा फोटो आला. पाठवणारा होता भट्टीवाला. गावातल्या जवळजवळ सगळ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या त्याच्या कारखान्यातल्या. छाप पोपटाचा, कंपनीचं नावही पोपट. उद्या परदेशातून एक मोठा बेकरीवाला भट्ट्या बघायला येणार होता, त्याला अरबी सोडून दुसरं काही वाचता येत नव्हतं, आणि भट्टीवाल्याची कार्डं संपली होती. शेवटचं उरलेलं कार्ड कुणीतरी कारखान्याच्या भिंतीवर सरसाने चिकटवलेलं. ते निघेना, म्हणून त्याने भिंतीचाच फोटो काढला होता.

"काय पण फोटो!" मामी म्हणाल्या.

कार्ड तिरकं, वरच्या अर्ध्या भागावर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि सुटलेला खालचा कोपरा दाबून धरणारा भला थोरला अंगठा. कंपनीचं नाव देवनागरीत, त्याखालचं 'ओव्हन वर्क्स' इंग्रजीत. मालकाचं नाव इंग्रजीत आणि त्याचा हुद्दा 'प्रोप्रायटर' पुन्हा देवनागरीत. छापणाऱ्याला त्या दिवशी जी अक्षरं हाताला लागली ती त्याने लावली असावीत.

"मामी, थांबा, ॲप वाचून दाखवेल," भाची म्हणाली. तिला ॲपचं भारी कौतुक. ॲपने वाचलं. 'ओव्हन वर्क्स' बरोबर आलं. पोपटाच्या जागी ॲपने दोन कंस, एक टक्क्याची खूण आणि एक उद्गारचिन्ह दिलं. ईमेलमधल्या शून्याचा ओ केला.

"वा," मामी म्हणाल्या, "उद्गारचिन्ह मात्र बरोबर आहे हो."

मग त्यांनी भट्टीवाल्याला निरोप पाठवला: फ्लॅश बंद करा, समोर उभे राहा, आणि अंगठा काढा. अंगठ्याखाली काय आहे ते मला दिसत नाही, आणि न दिसलेलं मी लिहीत नाही.

दुसरा फोटो आला तो चांगला होता. अंगठा निघाला होता, आणि त्याखालून आणखी एक ओळ निघाली होती. बारीक अक्षरांत एका मुलीचं नाव, आडनाव भट्टीवाल्याचंच, आणि पुढे इंग्रजीत हुद्दा: 'को-ऑर्डिनेटर'.

मामींनी त्या ओळीकडे जरा वेळ बघितलं. को-ऑर्डिनेटरला अरबीत सरळ शब्द आहे, मुनस्सिका. फोन जोडून देणारी, भेटीच्या वेळा ठरवणारी. आता ही मुलगी खरंच काय करते ते विचारायला हवं, असं म्हणून त्या फोन उचलणार, तोच मुलगीच दुकानात हजर झाली.

तिच्या बाहीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं होती आणि कानावर पेन्सिल. ती थेट मामींच्या टेबलाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मामी, आमच्या कार्डाचं काम तुमच्याकडे आलंय ना? माझ्या नावापुढे अरबीत जरा मोठं काहीतरी लिहाल? तांत्रिक प्रमुख वगैरे. बाबांना अरबी येत नाही. त्यांना कळणारही नाही."

"आणि असं का करायचं?"

मुलगी खुर्चीवर बसली आणि धडाधडा बोलायला लागली. फिरत्या रॅकची नवी भट्टी तिने आखली होती, पाहुणा तीच बघायला येणार होता. पण तो कार्ड वाचणार, तिला सेक्रेटरी समजणार आणि सगळं बाबांना विचारणार. बाबा जुन्या भट्टीच्या हिशोबाने काहीतरी ठोकून देणार. दर वेळी हेच होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या भट्टी कंपनीने तिला बोलावलं होतं, खुर्चीसकट आणि हुद्द्यासकट. त्यांना उद्या उत्तर द्यायचं होतं. "मला जायचं नाहीये हो, मामी," ती म्हणाली. "ती भट्टी माझी आहे. पण स्वतःच्याच कारखान्यात मी कोण आहे ते कुठे लिहिलेलंच नसेल, तर मी जाईन. खरंच जाईन."

परदेशातल्या त्या कचेरीत अकरा वर्षं दुसऱ्यांचे हुद्दे टाइप करताना मामींच्या स्वतःच्या दारावर साधी पाटी लागली नव्हती. एक शब्द तर बदलायचा होता. कुणाला कळलंही नसतं.

"नाही," मामी म्हणाल्या.

मुलीचा चेहरा पडला.

"अगं, ऐक. मी काम विचारते ते छापलेल्या शब्दाचा नेमका अर्थ धरायला. जे कार्डावर नाही ते मी लिहीत नाही. आज तुझ्यासाठी वाढवलं, तर उद्या तुझा पाहुणा माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवील? आणि चोरून मिळालेला हुद्दा तुला तरी मिरवता येईल का?" मग त्यांनी मुलीच्या कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "तुझ्या बाबांना पाठव. म्हणावं, मामींना कार्डाबद्दल विचारायचंय. तू येऊ नकोस."

मुलगी पेन्सिल तिथेच विसरून गेली. भाची कटरमागून म्हणाली, "मामी, लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तू कागद काप," मामी म्हणाल्या.

भट्टीवाला आला तो दारातूनच गरजत आला. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. भट्ट्यांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे साधं बोलणंही त्याला ओरडूनच यायचं. "मामी! झालं का? एक कार्डच तर आहे!"

मामींनी विमानाचं वाक्य महत्प्रयासाने गिळलं. "बसा. आधी तुमच्या पोपटाचं ठरवू. अरबीत प नाही."

"प नाही? मग लोक बोलतात कसे?"

"ब घेतात, आणि टचा त करतात. तुमचा पोपट तिकडे बोबत होईल."

भट्टीवाला हसत सुटला. "म्हणजे आमचा पोपट बोबडा! त्यापेक्षा पोपटाला त्यांच्यात जे म्हणतात तेच लिहा की."

"कंपनीचं नाव भाषांतर करायचं नसतं. उद्या तो पैसे पाठवायला बसला, तर बँकेत कुठल्या नावाने शोधील? नाव आवाजाने लिहायचं, खाली बारीक इंग्रजीत ठेवायचं, आणि फक्त 'ओव्हन वर्क्स'चा अर्थ अरबीत द्यायचा. कळलं?"

"कळलं. तुम्ही म्हणाल तसं."

"आता हुद्दे. प्रोप्रायटर म्हणजे मालक, ते सोपं आहे. पण ही खालची ओळ." मामींनी फोटोवर बोट ठेवलं. "को-ऑर्डिनेटर. ही काय करते?"

"ती होय? ती आमची मुलगी. सगळं बघते."

"'सगळं' असा हुद्दा कोशात नाही मिळत मला. सकाळपासून सांगा. कारखान्यात आल्याबरोबर काय करते?"

भट्टीवाल्याने डोकं खाजवलं. "आल्याबरोबर... बर्नर तपासते. मग कारागिरांना त्या दिवशीचे नकाशे देते."

"नकाशे कोण काढतं?"

"तीच."

"पत्रा किती जाड घ्यायचा, ते कोण ठरवतं?"

"तीच ठरवते. आधी मी अंदाजाने घ्यायचो. तिने मोजून दाखवलं, निम्मी उष्णता बाहेर जात होती."

"एखाद्या बेकरीत भट्टी एका बाजूने पाव करपवायला लागली, तर कुणाला फोन येतो?"

"मला येतो," भट्टीवाला छाती काढून म्हणाला. मग थोडा थांबला. "मी तिला देतो."

"आणि ही फिरत्या रॅकची नवी भट्टी?"

"ती तिचीच हो. पहिले दोन महिने चालेना. कारागीर म्हणाले सोडून द्या, मीही म्हणालो सोड. ही पोरगी भट्टीच्या आत रांगत जायची, हवा कुठे अडते ते उदबत्तीच्या धुराने बघायची. एक दिवस बाहेर आली ती काजळीने काळी, आणि म्हणाली, बाबा, सापडलं. ज्या दिवशी पहिला ट्रे चारी बाजूंनी सारखा भाजून निघाला ना मामी, मी आख्ख्या गल्लीला पाव वाटले!" बोलता बोलता त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"आणि तुम्ही काय करता?" मामींनी सहज विचारलं.

"मी? मी गिऱ्हाईक बघतो, उधारी बघतो. आणि..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "चहा पितो."

भाची कटरच्या मागे खाली बसली, हसू दिसू नये म्हणून.

मामी मात्र गंभीर होत्या. "तर मग ऐका. कार्डावर को-ऑर्डिनेटर आहे, म्हणून मी मुनस्सिका लिहीन. पाहुणा वाचेल, ही बाई भेटीच्या वेळा ठरवते. नव्या भट्टीबद्दल तो तिला एक शब्द विचारणार नाही, तुम्हाला विचारील. हवा कुठे अडते ते तुम्ही सांगा म्हणजे झालं."

भट्टीवाल्याने टेबलावरचा फोन जवळ ओढला. त्याच्या नजरेसमोर फोटो होता, दोन्ही फोटो, शेजारी शेजारी. एकात त्याचा अंगठा होता आणि दुसऱ्यात मुलीचं नाव.

"हा हुद्दा कुणी दिला होता?" मामींनी विचारलं.

"मीच. ती कॉलेजात असताना. फोन घ्यायला मदत करायची तेव्हा. छापून टाकलं आणि मग तेच पुढे..." त्याने खिशातून रुमाल काढून उगाचच कपाळ पुसलं. "ती कधी बोलली नाही हो मला."

मामींनी टेबलावरची पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती ओळखली. मुलीने चावून चावून तिचं टोक बोथट केलेलं होतं.

त्याने एक कोरा कागद ओढला आणि भट्टीवर नंबर घालतात तशा ठळक अक्षरांत लिहिलं: तांत्रिक प्रमुख. खाली सही केली. "आता हे कार्डावर आहे असं समजा," तो म्हणाला, "आणि तिची ओळ माझ्याएवढ्याच अक्षरांत घ्या. बारीक नको."

"आता कसं," मामी म्हणाल्या, आणि कीबोर्डला हात लावला.

पुढचं काम म्हणजे मामींचा खेळ होता. नावं उजवीकडून ओळीत लावली, मालक वर, तांत्रिक प्रमुख खाली, अक्षरांची उंची सारखी. भाचीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी अक्षरं एकमेकांचे हात सोडून सुटी सुटी उभी राहतात, तीही उलट्या क्रमाने. म्हणून मामींनी ओळी आपल्याकडे जुळवून, त्यांची चित्रं करून भाचीला दिली. भाचीने उत्साहाच्या भरात आख्खं कार्डच आरशात धरल्यासारखं फिरवलं. पोपट उजवीकडे गेला हे ठीक, पण त्याची चोचही फिरली.

"अगं, जागा बदल, पक्षी नको फिरवूस," मामी म्हणाल्या. "छाप आहे तो. भट्टीच्या दारावर एकीकडे बघतो आणि कार्डावर दुसरीकडे, असं कसं चालेल?"

पोपट सरळ झाला. ईमेल इंग्रजीतच, डावीकडून उजवीकडे राहिला. भट्टीवाला हे सगळं बघून, खूश होऊन, "संध्याकाळी कार्डं घ्यायला येतो" म्हणत कारखान्याकडे गेला. जाताना पेन्सिल खिशात घालून गेला.

आता राहिलं मामींचं शेवटचं काम. हाही त्यांचा हट्टच. छपाईआधी नमुन्याचा एक कागद काढायचा आणि त्या कागदावरचा नंबर बघून फोन लावायचा. पाठ असला तरी कागदावरूनच, आणि गिऱ्हाईक असल्यासारखं बोलायचं. त्यांनी दुकानातल्या फोनवरून नंबर फिरवला.

पलीकडून एका बाईने फोन घेतला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "भट्टी? कसली भट्टी? अहो, इथे माझाच गॅस संपत आलाय!"

मामींनी माफी मागितली आणि कागद डोळ्यांजवळ धरला. मग कपाळावर हात मारून घेतला. मूळ कार्डावर नंबर पाच आणि पाच आकडे असा दोन तुकड्यांत होता. उजवीकडून चालणाऱ्या ओळीत बसवताना त्या दोन तुकड्यांनी जागा बदलल्या होत्या. आकडे तेच, पण मागचे पुढे. पोपट सांभाळता सांभाळता नंबर निसटला होता, आणि तोही भाचीचा नव्हे, मामींचा.

"मामी, तुमच्याकडूनसुद्धा?" भाचीला केवढा आनंद झाला.

"म्हणून तर फोन लावते," मामी म्हणाल्या. त्यांनी नंबराला डावीकडून उजवीकडेच राहायची खूण घातली, तुकडे जागच्या जागी बसले, नवा कागद निघाला. पुन्हा फोन फिरवला.

या वेळी मागे भट्ट्यांची घरघर होती. "हॅलो!" भट्टीवाल्याचा आवाज कान फोडत आला.

मामींनी आवाज बदलला. "नमस्कार. आमची बेकरी आहे. ती तुमची नवी, फिरत्या रॅकची भट्टी आहे ना, तिच्याबद्दल विचारायचं होतं. हवा सारखी कशी फिरते म्हणे तिच्यात?"

एरवी हा माणूस इथे ठोकून द्यायला सुरुवात करायचा. भाचीही कान लावून ऐकत होती.

"त्यातलं मला काही विचारू नका," भट्टीवाला म्हणाला. "थांबा हं, आमच्या तांत्रिक प्रमुखांना देतो." आणि मग फोन बाजूला धरून, आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा तो ओरडला, "अहो तांत्रिक प्रमुख! तुमचा फोन आहे!"

घरघर हळूहळू बंद झाली. बहुतेक कारागिरांनी एकेक यंत्र थांबवलं असावं. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी हसलं. मग पावलं आली, आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना थोडा रेंगाळला.

"बाबा, काय म्हणालात?" मुलगी दुरूनच विचारत होती.

"फोन घे. गिऱ्हाईक खोळंबलंय. आणि ही तुझी पेन्सिल."

मामींनी कागद खाली ठेवला. एवढी वर्षं फोन लावले, पण असा कधी लागला नव्हता. त्या पुन्हा गिऱ्हाइकाचा आवाज काढणार, तेवढ्यात पलीकडून मुलगीच बोलली. तिचा आवाज भिजलेला होता, पण शब्द कसे खणखणीत.

"नमस्कार. पोपट ओव्हन वर्क्स. मी तांत्रिक प्रमुख बोलतेय."

"नंबर बरोबर आहे गं," मामी म्हणाल्या. "छापायला घेते."